उधारीपूर्वी ताळेबंद वाचताना

आपल्या जिल्ह्यातील व्यापार बहुतांशी उधारीवर चालतो, हे वाचकांना मी सांगावे असे नाही. दिवाळीच्या सुमारास कापसाचा हंगाम सुरू झाला, की माजलगाव, गेवराई, वडवणी, धारूर या पट्ट्यातील जिनिंगमधून सरकी बाहेर पडू लागते. ती तेलगिरणीकडे जाते, तेथून तेल एका बाजूस आणि ढेप दुसऱ्या बाजूस निघते. या साखळीत रोख फक्त शेतकऱ्याला द्यावी लागते. पुढचे सगळे तीस दिवस, पंचेचाळीस दिवस, कधी कधी ‘पुढच्या गाडीबरोबर मागचे’ अशा बोलीवर चालते. ही बोली पाळणारी माणसे पुष्कळ आहेत. तथापि ज्याची बोली पाळली जाणार नाही, तो ग्राहक आधी ओळखायचा कसा, हा प्रश्न मात्र प्रत्येक पेढीपुढे दरवर्षी उभा राहतो.

बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. तेथे आम्ही एकेक गुणोत्तर पाहत असू. टंडन समितीच्या काळापासून चालू गुणोत्तर १.३३ असावे, असा दंडक होता. म्हणजे वर्षभरात फेडावयाच्या शंभर रुपयांमागे वर्षभरात रोकड होऊ शकेल अशी मालमत्ता १३३ रुपयांची हवी. त्याखेरीज कर्ज आणि स्वतःचे भांडवल यांचे प्रमाण, व्याज भरण्याची ताकद, मालाची उलाढाल. अडचण अशी, की ही गुणोत्तरे एकमेकांशी भांडतात. एका प्रकरणात चालू गुणोत्तर उत्तम, पण नफा नाही. दुसऱ्यात नफा चांगला, पण सगळा डोलारा उसन्या पैशावर. अशा वेळी कोणत्या गुणोत्तराला किती मान द्यायचा, हे अधिकाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राही. सावध माणूस वाईट आकडा पाही आणि उद्दिष्ट गाठावयाचे असलेला माणूस चांगला.

हीच अडचण अमेरिकेत एडवर्ड ऑल्टमन या न्यूयॉर्क विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या अभ्यासकापुढे होती. १९६८ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दिवाळे निघालेल्या ३३ उत्पादक कंपन्या त्यांनी घेतल्या, त्यांच्याच उद्योगातील आणि साधारण त्याच आकाराच्या पण तगून राहिलेल्या आणखी ३३ घेतल्या, आणि या ६६ कंपन्यांची २२ गुणोत्तरे समोर मांडली. मग संख्याशास्त्राच्या आधाराने त्यांनी असे विचारले, की बुडालेल्या आणि तगलेल्या या दोन गटांना सर्वांत स्पष्टपणे वेगळे करणारे मिश्रण कोणते? कापसाची प्रत ठरविणारा जाणकार केवळ धाग्याची लांबी पाहून भाव करत नाही. ओलावा, कचरा, रंग, धाग्याची लांबी हे सारे एकाच वेळी तोलून तो एक भाव बोलतो. ऑल्टमन यांनी तेच केले, फरक इतकाच, की प्रत्येक गोष्टीला किती वजन द्यायचे हे त्यांनी मनाने न ठरविता बुडालेल्या कंपन्यांच्या आकड्यांतून काढले. बावीसपैकी पाच गुणोत्तरे उरली. त्यांचा गुणाकार आणि बेरीज करून येणाऱ्या एका आकड्याला ‘झेड स्कोअर’ हे नाव पडले. दिवाळे निघण्यापूर्वीच्या अखेरच्या ताळेबंदावरून या आकड्याने ९५ टक्के कंपन्यांची वर्गवारी बरोबर केली. दोन वर्षे आधीच्या ताळेबंदावरून मात्र ७२ टक्केच. हा दुसरा आकडा पुष्कळ लोक सांगायचे विसरतात.

मूळ सूत्रात कंपनीच्या समभागांचा बाजारभाव लागतो. आपल्या ओळखीच्या किती तेलगिरण्यांचे समभाग शेअर बाजारात आहेत? म्हणून ते सूत्र आपल्या उपयोगाचे नाही. ऑल्टमन यांनी पुढे खाजगी कंपन्यांसाठी एक सूत्र दिले आणि त्यानंतर उत्पादक नसलेल्या धंद्यांनाही चालेल असे आणखी एक. माझ्या मते आपल्याकडील पेढ्यांसाठी हे शेवटचेच धरावे. त्यात चार गुणोत्तरे आहेत आणि चौघांचीही सामग्री साध्या ताळेबंदात व नफा-तोटा पत्रकात मिळते.

पहिले, ज्याला आपण ‘अ’ म्हणू, ते खेळत्या भांडवलाचे: चालू मालमत्तेतून चालू देणी वजा करावीत आणि उरेल त्याला एकूण मालमत्तेने भागावे. दुसरे, ‘ब’, संचित नफ्याचे: धंदा सुरू झाल्यापासून आजवर जो नफा घरात न नेता धंद्यातच ठेवला, तो भागिले एकूण मालमत्ता. तिसरे, ‘क’, कमाईचे: व्याज आणि कर देण्यापूर्वीचा वर्षाचा नफा भागिले एकूण मालमत्ता. चौथे, ‘ड’, स्वतःचे आणि परक्याचे: स्वतःचे भांडवल व राखीव निधी मिळून जे होते ते भागिले एकूण बाहेरची देणी. मग,

झेड = (६.५६ × अ) + (३.२६ × ब) + (६.७२ × क) + (१.०५ × ड)

उत्तर २.६ च्या वर आले तर प्रकृती ठीक, १.१ च्या खाली आले तर धोका, आणि मधला पट्टा संशयाचा. येथे एक खबरदारी सांगतो. काही ठिकाणी याच सूत्रात शेवटी ३.२५ मिळवलेले दिसतात. ऑल्टमन यांनी विकसनशील देशांतील कंपन्यांसाठी तो बदल केला होता. तो मिळविल्यास सीमाही तितक्याच वर सरकतात, म्हणजे १.१ ऐवजी ४.३५ आणि २.६ ऐवजी ५.८५. संगणकावरील तयार तक्त्यात एका सूत्राचे उत्तर आणि दुसऱ्या सूत्राच्या सीमा, अशी गल्लत झालेली मी पाहिली आहे. तेथे बुडत्या गिरणीलाही ‘सुरक्षित’ असा शेरा मिळतो.

आता एक प्रकरण पाहू. गाव आणि नाव सांगत नाही, आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. आमच्या नात्यातील एक तरुण वडिलांबरोबर सरकीचा व्यापार पाहतो. त्यांच्या एका जुन्या ग्राहकाने, एका प्रायव्हेट लिमिटेड तेलगिरणीने, २०२४ च्या दिवाळीपूर्वी उधारीची मर्यादा २० लाखांवरून ६० लाख करून मागितली. मुदत पंचेचाळीस दिवस. “काका, त्यांची विक्री वाढली आहे, माणसे चांगली आहेत, वडील हो म्हणतात,” असे सांगत तो दोन वर्षांचे ताळेबंद घेऊन आला. ते त्याने मागून घेतले, याचे मला कौतुक वाटले. आपल्याकडे ताळेबंद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे अजून मानले जाते.

३१ मार्च २०२३ रोजी गिरणीची एकूण मालमत्ता ८०० लाख होती. त्यात चालू मालमत्ता ५२० लाख, तर चालू देणी ४०० लाख. म्हणजे खेळते भांडवल १२० लाख आणि ‘अ’ आला ०.१५. संचित नफा १६० लाख, म्हणून ‘ब’ ०.२०. व्याज व करपूर्व नफा ८८ लाख, म्हणून ‘क’ ०.११. भांडवल १०० आणि संचित नफा १६० मिळून स्वतःचे २६० लाख, बाहेरची देणी ५४० लाख, म्हणून ‘ड’ ०.४८. वजने लावली तर ०.९८, ०.६५, ०.७४ आणि ०.५१, बेरीज २.८८. गिरणी सुरक्षित पट्ट्यात.

३१ मार्च २०२४ चा ताळेबंद पाहिला तर विक्री १६०० लाखांवरून २१०० लाखांवर गेलेली. तरुणाचे म्हणणे खरेच होते. पण एकूण मालमत्ता १००० लाख, चालू मालमत्ता ७००, चालू देणी ६५०. खेळते भांडवल १२० वरून ५० लाखांवर उतरले. व्याजपूर्व नफा ७० लाख झाला आणि त्यातून ६३ लाख व्याजात गेले. कर देऊन संचित नफ्यात केवळ ५ लाखांची भर पडली. बाहेरची देणी ७३५ लाख. या आकड्यांवरून झेड येतो १.७१. एका वर्षात २.८८ वरून १.७१.

ही घसरण कोठून आली, हे पाहणे मला त्या आकड्याहून महत्त्वाचे वाटते. चारही गुणोत्तरे उतरली आहेत, पण निम्म्याहून अधिक घसरण एकट्या ‘अ’ मुळे आहे. त्याचा वाटा ०.९८ वरून ०.३३ झाला. मग खेळते भांडवल गेले कोठे? गिरणीचे मुदतकर्ज १४० लाखांवरून ८५ लाखांवर आले होते, म्हणजे ५५ लाख फेडले. यंत्रसामग्री निव्वळ २० लाखांनी वाढली. हे ७५ लाख लागले, आणि नफ्यातून मिळाले ५. उरलेले ७० लाख आले ते माल देणाऱ्यांच्या उधारीतून आणि बँकेच्या रोख कर्जातून. खेळते भांडवल नेमके तितकेच घटले आहे, हे वाचकांनी वजाबाकी करून पाहावे. थोडक्यात, सरकीवाल्यांच्या पंचेचाळीस दिवसांच्या पैशातून बँकेचे पाच वर्षांचे हप्ते भरले जात होते. हप्ते वेळेवर गेले म्हणून बँक खुश होती आणि विक्री वाढली म्हणून बाजार खुश होता. चाळीस लाखांची वाढीव उधारी कशासाठी हवी आहे, याचे उत्तर या वजाबाकीत होते.

त्या तरुणाने घरी एक तक्ता करून पाहिला होता, त्यात मात्र फारशी घसरण दिसली नव्हती. त्याने खाजगी उत्पादक कंपन्यांसाठीचे, पाच गुणोत्तरांचे सूत्र वापरले होते. त्याने पहिल्या वर्षी २.८२ आणि दुसऱ्या वर्षी २.६४ येते. त्या सूत्राच्या सीमा २.९० आणि १.२३ आहेत, म्हणजे दोन्ही वर्षी गिरणी संशयाच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला. कारण पाचवे गुणोत्तर विक्री भागिले एकूण मालमत्ता हे आहे, आणि त्याचे वजन जवळजवळ एक आहे. २.८२ पैकी २.०० आणि २.६४ पैकी २.१० एवढा वाटा एकट्या विक्रीचा! बाकी चौघे घसरत असताना विक्रीने त्यांना झाकून टाकले. आपल्या धंद्यांत ही अडचण फार मोठी आहे. धान्याच्या एखाद्या आडत पेढीची मालमत्ता दोन कोटी आणि उलाढाल सोळा कोटी असू शकते. तेथे त्या सूत्रात विक्रीचेच आठ गुण मिळतील, आणि ती पेढी उद्या दाराला कुलूप लावणार असली तरी आज ‘सुरक्षित’ ठरेल. अमेरिकेतील कारखान्यांवरून बेतलेले माप आपल्या अडतीला लावले तर असेच होणार. म्हणूनच मी विक्री वगळलेल्या सूत्राचा आग्रह धरतो.

आकड्यांचा पाया किती पक्का आहे, हेही पाहिले पाहिजे. सूत्र काही ताळेबंदाची चौकशी करीत नाही, जे घालाल ते खरे मानून उत्तर देते. त्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये ‘इतर येणे’ या शीर्षकाखाली ६० लाख होते, आणि ते मालकांच्याच दुसऱ्या, बंद पडलेल्या एका फर्मकडून येणे होते. हा पैसा वर्षभरात परत येईल, असे मानायला काही आधार नव्हता. बँकेत आम्ही असे येणे मालमत्तेतून वजा करीत असू आणि तितकीच वजाबाकी मालकाच्या भांडवलातूनही करीत असू. तसे केल्यावर चालू मालमत्ता ६४० उरली, चालू देण्यांपेक्षा १० लाखांनी कमी. स्वतःचे भांडवल २६५ वरून २०५ झाले. झेड आला १.०९. म्हणजे छापील ताळेबंद संशयाच्या पट्ट्यात, आणि दुरुस्त केलेला ताळेबंद धोक्याच्या सीमेला टेकलेला.

याच्या उलट दुरुस्तीही कधी करावी लागते. आपल्या घराघरांतून पेढीत ठेवलेला बहिणींचा, सुनांचा, चुलत्यांचा पैसा ताळेबंदात ‘असुरक्षित कर्जे’ म्हणून देण्यांत दिसतो. बँकेचे कर्ज फिटेपर्यंत तो काढणार नाही, असे घरच्यांनी लिहून दिले असेल तर बँका त्याला जवळपास भांडवलासारखे मानतात, आणि झेड काढतानाही तसे धरण्यास हरकत नाही. पण लिहून दिलेले नसेल तर धरू नये. वाटण्या झाल्या की हा पैसा सर्वांत आधी बाहेर पडतो, असा माझा अनुभव आहे. आणि वाटण्यांची बातमी ताळेबंदात नंतर येते, बाजारात आधी.

आणखी एक मर्यादा काळाची. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. लेखापरीक्षण होऊन तो हाती येईपर्यंत सप्टेंबर उजाडतो, आणि कंपनीने तो सरकारदरबारी दाखल करेपर्यंत दिवाळी. म्हणजे हंगामाच्या तोंडावर आपण सात महिन्यांपूर्वीचे चित्र पाहत असतो. त्यातही मार्च महिना फसवा आहे. कोणी वर्षअखेरीला माल विकून देणी कमी करून दाखवितो, तर कोणाकडे हंगामात भरलेला साठा तेव्हाच सर्वाधिक असतो. त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये, तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. मधल्या महिन्यांसाठी दोन गोष्टी घरबसल्या पाहता येतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर ग्राहकाचा क्रमांक टाकला, की त्याने कोणत्या महिन्याचे विवरणपत्र कधी भरले हे दिसते. नियमित भरणारा माणूस एकाएकी दोन-दोन महिने उशीर करू लागला, तर त्याच्याकडे करापुरतीही रोकड नाही अशी शंका घ्यावी. ग्राहक कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिने कोणत्या बँकेकडे काय तारण ठेवले आहे याची नोंद दिसते आणि शंभर रुपये शुल्क भरून तिची कागदपत्रेही पाहता येतात. भागीदारी आणि एकमालकी पेढ्यांची अशी सोय नाही. तेथे कागद मागावाच लागतो.

झेड खाली आला म्हणजे ग्राहक बुडणार, असे मात्र कोणी समजू नये. ऑल्टमन यांच्या नमुन्यात निम्म्या कंपन्या बुडालेल्या होत्या. आपल्या खतावणीत तशी स्थिती नसते. समजा, शंभर ग्राहकांपैकी पाच खरोखर बुडणारे आहेत आणि सूत्राने ते पाचही पकडले. उरलेल्या ९५ पैकी सातात एक अशा प्रमाणात जरी त्याने चुकून धोक्याची खूण केली, तरी तेरा-चौदा चांगले ग्राहक त्यात सापडतील. म्हणजे खूण झालेल्या एकोणीस जणांत बुडणारे पाच आणि चांगले चौदा! या चौदांना तोडून टाकणे हा तोटाच आहे. खूण झाली की थांबावे, कागद नीट पाहावेत, माणसाशी बोलावे, गिरणीत एक चक्कर मारावी, एवढाच तिचा अर्थ. सरकीचे ढीग किती आहेत, घाणे किती पाळ्यांत चालतात, हे डोळ्यांना दिसते आणि कोणत्याही सूत्रात नसते.

शिवाय हे माप बँका, पतसंस्था, वित्तसंस्था यांना लागूच नाही. त्यांचा धंदाच परक्याच्या पैशावर असतो, त्यामुळे ‘अ’ आणि ‘ड’ यांना तेथे काही अर्थ राहत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये अनेकांच्या ठेवी अडकल्या. त्यानंतर काही जण मला विचारू लागले, की अमुक संस्थेचा झेड काढून द्या. तो काढता येत नाही. तेथे थकीत कर्जांचे प्रमाण, कर्जे कोणाला दिली, आणि बाजारापेक्षा जास्त व्याज कोणत्या कमाईतून देतात, हेच विचारावे लागते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर माल दिल्यानंतर आपला नंबर फार मागे लागतो म्हणून. सरकीच्या व्यापारात शंभर रुपयांना दीड रुपया सुटतो असे धरले, तर ६० लाख बुडाल्यास ते भरून काढायला ४० कोटींची विक्री करावी लागेल. दिवाळखोरी संहितेखाली माल देणारा स्वतः कंपनीविरुद्ध अर्ज करू शकतो खरा, पण मार्च २०२० पासून त्यासाठी थकबाकी किमान एक कोटी असावी लागते. ६० लाखांच्या धन्याला तो दरवाजा बंद आहे, त्याने दिवाणी न्यायालयात जावे. आणि दुसऱ्या कोणी अर्ज केला तरी तारण असलेल्या बँका पुढे, माल देणारे मागे. आपल्या मराठवाड्यातच, औरंगाबादजवळ चितेगावला ज्यांचा कारखाना होता त्या व्हिडिओकॉनचे उदाहरण पाहा. २०१८ साली ते प्रकरण न्यायाधिकरणात गेले. जून २०२१ मध्ये मुंबई पीठाने जी योजना मंजूर केली, तीत माल व सेवा पुरविणाऱ्यांच्या वाट्याला मान्य दाव्यांच्या ०.७२ टक्के आले होते, म्हणजे लाखाला ७२० रुपये. स्वतः न्यायाधिकरणानेच त्यावर नाराजी नोंदविली. पुढे अपिलात ती योजनाही रद्द झाली. बँकांना पाच टक्क्यांच्या आत मिळणार होते, पण बँकेजवळ हजार खाती असतात. जो लहान कारखानदार आपला सारा माल एकाच ठिकाणी देत होता, त्याच्याजवळ दुसरे खाते नव्हते.

त्या तरुणाच्या घरी यावर बरीच चर्चा झाली. वडिलांचे म्हणणे असे, की पंचवीस वर्षांत त्या घराने आमचा एक रुपया ठेवला नाही. ते अगदी खरे आहे. ताळेबंदात माणसाची नियत दिसत नाही, आणि झेड स्कोअरमध्येही दिसत नाही. परंतु नियत चांगली असलेल्या माणसाजवळही हप्ता, व्याज आणि सरकीवाला या तिघांना पुरेल इतका पैसा नसेल, तर तो आधी ज्याचे तारण आहे त्याला देईल. त्यात त्याची लबाडी नाही, नाइलाज आहे.

शेवटी ठरले ते असे: मर्यादा २० लाखांचीच राहील, मुदत पंचेचाळीसऐवजी वीस दिवसांची, आणि त्याहून अधिक माल हवा असेल तर तो रोखीने, क्विंटलमागे थोडी सूट देऊन. बंद फर्मकडील ६० लाखांपैकी निम्मी रक्कम गिरणीत परत आली, तर मर्यादा ३५ लाख करण्याचेही वडिलांनी मोकळेपणाने सांगितले. गिरणीमालकांना ते रुचले नाही. त्यांनी हंगामातील बहुतेक माल दुसऱ्या दोघांकडून साठ दिवसांच्या उधारीवर घेतला. आमच्या या पेढीची त्या खात्यावरील विक्री निम्म्याहून कमी झाली, आणि त्याबद्दल घरात अधूनमधून बोलणे होते. गिरणी आजही चालू आहे. मध्यंतरी बंद फर्मची जागा विकण्याची बोलणी चालू आहेत, असे कानावर आले. व्यवहार झाला आणि पैसा खरोखर गिरणीत आला, तर पुढच्या ताळेबंदात चालू देणी उतरतील आणि पहिला फरक ‘अ’ मध्ये दिसेल. तो ताळेबंद हाती आला की घेऊन ये, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.